आधी बांधलेला कारखाना

घराच्या भिंतीला पांढरा रंग देताना त्याचा पांढरेपणा कशातून येतो, हे सहसा कोणी विचारत नाही. तो टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या पावडरीतून येतो. रंग, कागद आणि प्लास्टिक या तिन्हींत ती लागते. ती बनवण्याच्या दोन पद्धती आहेत, एक सल्फेटची आणि दुसरी क्लोराइडची. सल्फेट पद्धतीत आम्लयुक्त सांडपाणी फार निघतं. क्लोराइड पद्धत स्वच्छ आहे, पण तिला रुटाइल हे उंची खनिज लागतं. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने मात्र हीच क्लोराइड पद्धत हलक्या प्रतीच्या इल्मेनाइटवर चालवून दाखवली होती. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडतं तेच हे इल्मेनाइट.

१९७०च्या सुमारास दोन गोष्टी एकदम घडल्या. रुटाइलचे भाव कडाडले आणि प्रदूषणाचे कायदे कडक झाले. रुटाइल वापरणारे महागात पडले, सल्फेटवाले त्याहून अडचणीत आले. ड्यूपाँला काहीच न करता इतरांपेक्षा पाउंडमागे पाच-एक सेंट स्वस्त माल काढता येऊ लागला. आता कंपनीपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे आहे तेवढाच माल काढायचा, भाव चढा ठेवायचा आणि वाढीव नफा खिशात घालायचा. १९७२ साली कंपनीने दुसरी वाट धरली. पुढल्या दहा-बारा वर्षांत बाजाराची मागणी जेवढी वाढेल, तिच्यातला बहुतेक वाटा आपणच भरायचा आणि त्यासाठी कारखाने आधीच वाढवायचे, असं तिने ठरवलं. असलेले कारखाने वाढवले गेले आणि मिसिसिपी राज्यात डीलाइल इथे नवा अवाढव्य कारखाना उभा राहिला.

भाव पाडून समोरच्याला हुसकावणं आपल्याला समजतं. पण अजून आलेलाच नाही अशा स्पर्धकासाठी शेकडो कोटी आधी जमिनीत घालणं, हा कसला हिशेब? अर्थशास्त्रात या प्रश्नाचं पक्कं उत्तर यायला १९८० साल उजाडावं लागलं.

त्याआधी उत्तरं नव्हती असं नाही. १९५०च्या दशकात जो बेन आणि पाओलो सिलोस-लाबिनी यांनी मांडलेली कल्पना अशी होती, की प्रस्थापित कंपनी भाव थोडा कमीच ठेवते, म्हणजे बाहेरच्याला आत येण्याचा मोह होत नाही. ऐकायला हे पटतं. पण बाहेर उभा असलेला माणूस आजचा भाव बघून काय करणार? त्याला काळजी आहे ती तो आत आल्यानंतरच्या भावाची. आजचा भाव उद्या सकाळी बदलता येतो. ज्या गोष्टीतून एका रात्रीत माघार घेता येते, तिचा धाक कोणाला वाटणार?

१९७७ साली मायकेल स्पेन्स यांनी भावाच्या जागी उत्पादनक्षमता आणली. कंपनी गरजेपेक्षा मोठा कारखाना बांधून ठेवते, त्याचा काही भाग बंद ठेवते, आणि कोणी आत आलंच तर सगळी यंत्रं सुरू करून बाजार मालाने भरून टाकते. कारखाना एका रात्रीत नाहीसा होत नाही, म्हणून हा विचार आधीच्यापेक्षा भक्कम होता. पण त्यातही एक कच्चा दुवा राहिला होता. कोणी आत आल्यावर सगळी यंत्रं सुरू करणं त्या क्षणी कंपनीच्या फायद्याचं असेल का? स्पेन्स यांनी ते गृहीत धरलं होतं.

या दुव्यावर बोट ठेवलं अविनाश दीक्षित यांनी. दीक्षित यांचा जन्म १९४४ सालचा, मुंबईचा. सेंट झेवियर्समध्ये गणित आणि भौतिकशास्त्र शिकून ते केंब्रिजला गेले आणि तिथून अर्थशास्त्रासाठी एमआयटीला. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात असताना १९८० साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये त्यांचा एक छोटा निबंध आला. प्रवेश रोखण्यात गुंतवणुकीची भूमिका काय, एवढाच त्याचा विषय. त्यांनी हा सगळा मामला एक खेळ म्हणून मांडला, ज्यात चाली एकामागून एक होतात. पहिली चाल जुन्या कंपनीची: कारखाना किती मोठा बांधायचा. दुसरी चाल नव्याची: आत यायचं की नाही. तिसऱ्या टप्प्यात, तो आलाच तर, दोघं एकाच वेळी ठरवतात की माल किती काढायचा. आणि असा खेळ सोडवायचा तो शेवटून. आधी तिसऱ्या टप्प्यात कोण काय करेल ते काढायचं, त्यावरून दुसऱ्याचा निर्णय, आणि त्यावरून पहिल्याचा. जी धमकी शेवटच्या टप्प्यात स्वतःच्याच तोट्याची ठरते, ती या रीतीत आपोआप गळून पडते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ड सेल्टन यांनी १९६५ साली हा निकष घालून दिला होता.

आकडे घेऊन बघू. आकडे काल्पनिक आहेत, पण घडवलेले असे की कागद-पेन्सिलने तपासता येतील.

एक पांढरं रंगद्रव्य आहे. बाजाराचा स्वभाव असा, की वर्षाला जितके हजार टन माल येईल तितके रुपये १२०मधून वजा करायचे, की किलोचा भाव मिळाला. ३० हजार टन आले तर भाव ९० रुपये, ६० हजार आले तर ६०. एक किलो माल काढायला कच्चा माल, वीज, मजुरी मिळून ३० रुपये लागतात. याला चालू खर्च म्हणू. शिवाय कारखान्यावर घातलेल्या पैशाचा वार्षिक बोजा क्षमतेच्या दर किलोमागे ३० रुपये आहे. म्हणजे नव्याने सुरुवात करणाऱ्याला किलो ६० रुपयांना पडतो. नव्या कंपनीला याखेरीज जमीन, परवानग्या आणि विक्रीची साखळी उभी करण्यासाठी वर्षाला १५ कोटींचा ठोक भार आहे. माल कितीही काढा, तो चुकत नाही.

जुनी कंपनी एकटीच असती तर? ६० रुपये भावाला बाजार ६० हजार टन उचलतो. तेवढा सगळा माल काढला तर भाव खर्चाइतकाच, नफा शून्य. त्याच्या निम्मा, ३० हजार टन काढला, तर भाव ९० आणि किलोमागे ३० रुपये सुटतात, एकूण ९० कोटी. मागणी अशी सरळ रेषेत उतरत असली की ‘उरलेल्या जागेच्या निम्मं’ हाच सर्वांत फायद्याचा आकडा निघतो. पुढचा सगळा हिशेब याच नियमावर चालेल.

आता नवा आला आणि जुन्याने आधी काहीच बांधून ठेवलेलं नाही असं धरा. दोघांचाही खर्च ६० रुपये. समोरचा २० हजार टन काढत असेल तर माझ्यासाठी ४० हजारांची जागा उरते, तिच्या निम्मे २० हजार. दोघंही २० हजारांवर स्थिरावतात, भाव ८० होतो आणि प्रत्येकाला ४० कोटी मिळतात. नव्याचे १५ कोटी वजा केले तरी त्याला २५ कोटी सुटतात. तो नक्की येणार.

जुन्याने आधीच ३६ हजार टनांचा कारखाना बांधून ठेवला असेल तर काय होतं, ते शेवटच्या टप्प्यापासून पाहू. नवा आत आला आहे. जुन्याचा कारखान्यावरचा पैसा गेलेला आहे, यंत्रं चालवली काय किंवा बंद ठेवली काय, ३० रुपयांचा बोजा बसणारच. म्हणून ‘किती काढू?’ हे ठरवताना त्याच्यासमोर किलोचा खर्च ६० नाही, फक्त चालू खर्चाचे ३० रुपये आहेत. ३० रुपये भावाला बाजार ९० हजार टन उचलतो. नव्याने समजा १२ हजार काढले, तर जुन्यासाठी ७८ हजारांची जागा उरते आणि तिचं निम्मं होतं ३९ हजार. त्याला ३९ हजार काढावेसे वाटतील, क्षमता ३६ आहे. म्हणजे तो सगळी यंत्रं चालवेल. हट्टाने किंवा रागाने नाही, तेच त्याच्या फायद्याचं आहे म्हणून. नव्यासाठी मात्र खर्च अजून पूर्ण ६० रुपयांचा आहे, कारण त्याचा कारखाना अजून बांधायचा आहे. जुन्याचे ३६ हजार गेल्यावर त्याला २४ हजारांची जागा उरते, निम्मे १२ हजार. एकूण माल ४८ हजार, भाव ७२. नव्याला किलोमागे १२ रुपये, म्हणजे १४.४ कोटी मिळतात. ठोक भार १५ कोटींचा. साठ लाखांचा तोटा.

आता एक टप्पा मागे. नवा माणूस हाच हिशेब आधीच करून बसला आहे, म्हणून तो येत नाही. आणखी एक टप्पा मागे. जुन्याला ३६ हजार टन एकट्याला विकायला मिळतात, भाव ८४, नफा ८६.४ कोटी. एकट्याच्या ९० कोटींपेक्षा थोडा कमी. पण मक्तेदाराला सोयीचा ३० हजार टनांचाच कारखाना ठेवला असता, तर नवा १५ हजार टन घेऊन आत आला असता, भाव ७५ झाला असता आणि जुन्याच्या हातात ४५ कोटी उरले असते. सहा हजार टनांच्या वाढीव यंत्रांनी त्याचा नफा जवळजवळ दुप्पट राखला.

इथे स्पेन्स आणि दीक्षित यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि मला हीच या निबंधातली सर्वांत सुंदर जागा वाटते. ३६ हजार टनांपैकी एकही यंत्र रिकामं नाही. स्पर्धक आलेला नाही, तरी जुनी कंपनी सगळं चालवते आहे. कारण एकदा पैसा गेल्यावर एकट्याने चालवतानाही चालू खर्चाच्या हिशेबाने तिला ४५ हजार टनांपर्यंत माल काढणं परवडतं. म्हणजे धाक दाखवण्यासाठी बांधलेली क्षमता बाहेरून पाहणाऱ्याला कधी ‘जादा’ दिसतच नाही. चोवीस तास धूर सोडणारा, भरात चाललेला कारखाना दिसतो. दरवाजावर कुलूप लावलेली, धूळ खात पडलेली यंत्रं शोधत जाल तर हाती काहीच लागणार नाही.

मग जितकं मोठं बांधाल तितका धाक जास्त का? नाही. नव्याचा ठोक भार १५ऐवजी ८ कोटीच आहे असं धरा. त्याला परतवायला ४२ हजार टनांहून जास्त क्षमता लागेल. जुन्याने ४४ हजारांचा कारखाना बांधला आणि सांगून टाकलं, की कोणी आलं तर सगळं चालवीन. तसं झालं तर नव्याला १६ हजारांची जागा उरते, तो ८ हजार काढेल, ६.४ कोटी कमावेल आणि बुडेल. पण जुना खरंच ४४ हजार चालवेल का? नव्याचे ८ हजार गेल्यावर ९०मधून ८२ उरतात, निम्मे ४१. तीन हजार टनांची यंत्रं बंद ठेवण्यातच त्याचा फायदा आहे. नव्याला हे ठाऊक आहे. जुना आखडतोय म्हटल्यावर तो हात थोडा आणखी पसरतो, जुना आणखी थोडा आखडतो, आणि दोघं जाऊन थांबतात ४० आणि १० हजारांवर. नव्याला १० कोटी मिळतात, ८ कोटी भार जाऊन २ कोटी उरतात. तो येणार. ४० हजारांच्या पुढचा प्रत्येक टन ही पोकळ धमकी आहे, आणि तिच्यावर घातलेला पैसा खरोखरीचा आहे. अशा वेळी शहाण्या कंपनीने अडवायचा नाद सोडावा, ३० हजारांचाच कारखाना ठेवावा आणि नव्याला वाट द्यावी. ४५ कोटी तरी हाती राहतात.

उलट टोकाला, नव्याचा ठोक भार २२.५ कोटींहून जास्त असेल, तर जुन्याला काही करावंच लागत नाही. त्याच्या नेहमीच्या ३० हजार टनांपुढेच नव्याचा हिशेब बसत नाही. म्हणजे कारखाना मुद्दाम वाढवून कोणाला अडवण्याचा प्रश्न येतो तो या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यातच. आमच्या उदाहरणात १० ते २२.५ कोटींच्या दरम्यान.

या सगळ्याचा पाया एका गोष्टीवर उभा आहे: कारखान्यात घातलेला पैसा परत मिळत नाही. सिंहगडाच्या कथेत तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, आणि पळू पाहणारे मावळे फिरून लढले. दोर कापल्याने त्यांचं बळ वाढलं नव्हतं, फक्त माघारीची वाट संपली होती. कारखान्याचंही तसंच आहे. समजा ती यंत्रं बाजारात पूर्ण किमतीला विकता आली असती. मग नवा आल्यावर जुन्यासमोर किलोचा खर्च पुन्हा ६० रुपये झाला असता, कारण यंत्र चालवणं म्हणजे ते विकून मिळणारे पैसे सोडणं. त्याने ३६वरून उतरत उतरत २० हजारांवर येऊन जादा यंत्रं विकली असती, आणि नव्याला हे आधीच कळलं असतं. म्हणून ही चाल विमानांनी किंवा ट्रकांनी साधत नाही, ती दुसऱ्या मार्गावर नेता येतात, विकता येतात. ॲल्युमिनियमची भट्टी, रसायनांचा कारखाना, सिमेंटची भट्टी ही मात्र जिथे उभी राहिली तिथेच राहतात, आणि त्यांतून दुसरं काही निघत नाही.

खऱ्या व्यवहारात ही चाल जिथे फसते ती जागाही याच आकड्यांत दिसते. ३६ऐवजी ३५ हजार टन बांधले असते तर? नव्याला १५.६ कोटी मिळाले असते, साठ लाखांच्या आसपास सुटले असते, आणि तो आला असता. जुन्याचा नफा ८६वरून घसरून ४४ कोटींच्या आत गेला असता. एका हजार टनाचा फरक आणि निम्मा नफा गायब. नव्याचा ठोक भार नेमका किती, हे जुन्याला कधीच अचूक माहीत नसतं. त्यामुळे थोडं जास्तच बांधण्याकडे त्याचा कल राहतो. थोडं जास्त बांधलं तर नुकसान थोडं, थोडं कमी पडलं तर मोठं.

दुसरी अडचण क्रमाची. हा खेळ ज्याची चाल आधी, त्याचा आहे. समोरच्याने आपला पैसा आधीच जमिनीत घातला असेल, तर त्याच्यासाठीही तो गेलेला पैसा झाला आणि त्यालाही आता किलो ३० रुपयांनाच पडतो. मग कोणी कोणाला घाबरवायचं? आणि ड्यूपाँची गोष्ट इथेच गुंतागुंतीची होते. केर-मॅगी या कंपनीने त्याच दशकात आपली क्लोराइड पद्धतीची क्षमता वाढवलीच. त्यातच १९७३च्या तेलसंकटानंतर मंदी आली आणि ज्या वाढत्या मागणीच्या भरवशावर ड्यूपाँने आराखडा आखला होता ती मागणीच बसली. तरीही बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी नवे कारखाने बांधायचं टाळलं. ड्यूपाँचा अमेरिकेतल्या बाजारातला वाटा १९७२मध्ये सुमारे ३० टक्के होता, तो १९७०चं दशक संपता संपता ४० टक्क्यांच्या वर गेला.

१९७८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे तक्रार उभी राहिली. कमिशनच्या वकिलांचं म्हणणं असं, की ड्यूपाँने इतरांना वाढू न देण्यासाठी क्षमता आधीच बांधली, त्याची आधीच जाहिरात केली आणि आपलं तंत्र परवान्याने कोणाला दिलं नाही. १९८० साली, ज्या वर्षी दीक्षित यांचा निबंध छापून आला त्याच वर्षी, कमिशनने तक्रार फेटाळली. कारण साधं होतं. ड्यूपाँचा खर्च खरोखर कमी होता, मागणी वाढण्याचा अंदाज त्या वेळी वाजवी होता, आणि मोठा कारखाना स्वस्त पडतो. माल खर्चापेक्षा कमी भावात विकल्याचा पुरावा नव्हता. स्वस्तात माल काढणाऱ्याने जास्त माल काढू नये, असं कायद्याने कसं म्हणायचं?

याउलट निकाल ३५ वर्षं आधी लागला होता. १९४५ साली न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीला मक्तेदारीसाठी दोषी धरलं, तेव्हा त्यांचा मोठा मुद्दा हाच होता, की मागणी वाढण्याच्या आधीच कंपनी क्षमता वाढवत गेली आणि प्रत्येक नव्या माणसाला दारातच तयार कारखाना दिसला. दोन निकाल एकमेकांविरुद्ध जातात आणि मला त्यात नवल वाटत नाही. आमच्या उदाहरणातल्या ग्राहकाला ३६ हजार टनांच्या कारखान्यामुळे किलो ८४ रुपयांना मिळाला. मक्तेदाराच्या ९०पेक्षा स्वस्त, पण स्पर्धक आत आला असता तर मिळाला असता त्या ७५पेक्षा महाग. ग्राहकाचं भलं झालं की नुकसान, हे तुलना कशाशी करता त्यावर ठरतं, आणि न्यायालयासमोर तुलनेची दुसरी बाजू घडलेलीच नसते.

तरी ओळखायची एक कसोटी आहे. कंपनीने केलेली वाढ, स्पर्धक कसाही आत येणारच असं धरूनही परवडली असती का? आमच्या आकड्यांत स्पर्धक येऊनही ३६ हजारांचा कारखाना ठेवला असता तर जुन्याला ४३.२ कोटी मिळाले असते. ३० हजारांच्या कारखान्याने ४५. म्हणजे ते शेवटचे सहा हजार टन स्वतःच्या बळावर परवडत नव्हते. ते परवडले ते केवळ दुसऱ्याला बाहेर ठेवलं म्हणून. कंपनीच्या अंतर्गत टिपणांत असा हिशेब सापडला तर हेतू उघड होतो. तो नसेल, आणि खर्चाचा फायदा खरा असेल, तर ड्यूपाँसारखा निकाल लागतो.

प्रत्यक्षात कंपन्या असं किती वेळा करतात, हे मार्विन लिबरमन यांनी १९८७ साली ३८ रासायनिक उत्पादनांचा इतिहास चाळून पाहिलं. मुद्दाम अडवण्यासाठी ठेवलेली क्षमता त्यांना क्वचितच आढळली. जादा यंत्रं होती, पण ती बहुतेक मागणीच्या चढउतारासाठी आणि कारखाना एकदम मोठ्या घासानेच बांधावा लागतो म्हणून. दीक्षित यांच्या दृष्टीने पाहिलं तर हे अपेक्षितच आहे. मागणी सरळ रेषेत उतरते तेव्हा अडवणूक करणारी यंत्रं रिकामी पडत नाहीत. (मागणीचा आकार वेगळा असेल तर काही रिकामी राहू शकतात, हे बुलो, जिनाकोपुलस आणि क्लेम्परर यांनी १९८५ साली दाखवून दिलं.) रिकामी यंत्रं मोजून अडवणूक मोजता येत नाही, हाच तर निबंधाचा निष्कर्ष होता.

भारतात या चालीचं एक अगदी निराळं रूप होतं. परवाना राजात कोणत्या उद्योगात देशभर किती क्षमता उभी राहायची हे सरकार ठरवत असे. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी १९६७च्या अहवालात दाखवून दिलं, की काही मोठे उद्योगसमूह एकाच वस्तूसाठी अनेक अर्ज करून मंजूर होण्याजोगी क्षमता आधीच अडवून ठेवत होते आणि त्यातले पुष्कळ कारखाने उभे राहत नव्हते. इथे दोर कापायची गरजच नव्हती. कारखाना बांधावा लागत नव्हता, पैसा बुडवावा लागत नव्हता. सरकारी मर्यादेतली जागा कागदावर भरली की दुसऱ्याचा अर्ज आपोआप मागे पडायचा. दीक्षित यांच्या खेळात धाक विश्वासार्ह ठरायला खर्च लागतो. परवान्याच्या खेळात तो विश्वास सरकारच्या शिक्क्यातून फुकट मिळत होता. हजारींपाठोपाठ सरकारने दत्त समिती नेमली, तिचा अहवाल १९६९मध्ये आला आणि त्याच वर्षी मक्तेदारीविरोधी कायदा झाला. पण कागदावरची ही अडवणूक खऱ्या अर्थाने संपली ती जुलै १९९१मध्ये, अठरा उद्योग सोडून बाकी सर्वांसाठी परवान्याची अटच गेली तेव्हा. त्यानंतर ज्याला जागा अडवायची आहे, त्याला सिमेंट, पोलाद आणि कर्ज घालून कारखानाच उभा करावा लागतो.